टाक्याच्या सुईआधी बोट: गुदाच्या स्नायूची फाट ओळखणं, शिवणं आणि टाळणं

प्रश्न: मॅडम, मी किनारपट्टीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या आठवड्यात एका पहिलटकरणीला एपिझिओटॉमी तिरकी दिली होती, तरी फाट खाली गुदाकडे गेली. सेकंड डिग्री समजून टाके घातले, पण मनाला चैन नाही. थर्ड डिग्री ओळखायची कशी, ती इथेच शिवायची की पुढे पाठवायची, आणि अशी फाट होऊच नये म्हणून काय करायचं?

उत्तर:

आधी त्या बाळंतिणीबद्दल. तिला उद्याच बोलावून घ्या, किंवा आशाताईंना सोबत घेऊन तिच्या घरी जा. खोलीत सासू, आई, शेजारीण असतील. त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगा आणि तिला एकटीला विचारा: वारा सुटताना कळतं का, धरता येतो का? संडासला लागली की थोडा वेळ थांबता येतं, की धावतच जावं लागतं? कपड्याला नकळत डाग लागतो का? हे विचारल्याशिवाय कोणतीच बाई आपणहून सांगत नाही. उत्तर काहीही आलं तरी तिला जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या आणि चिठ्ठीत तुमची शंका स्पष्ट शब्दांत लिहा. बरी होत आलेली जखम मात्र तुमच्याकडे उकलू नका.

आता ओळखण्याचं. टाके घालायची सुई हातात घेण्याआधी गुदद्वारात बोट घालून तपासायचं. प्रत्येक बाळंतिणीला, फाट कितीही लहान दिसो, एपिझिओटॉमी कितीही नीट गेलेली असो. माझ्या उत्तरातलं एवढं एकच तुमच्या हाताला लागलं तरी पुरे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

हे मी एका बाईकडून शिकले. मी नवीन होते, एका तालुक्याच्या रुग्णालयात काम करत होते. बंदरावर मासे विकणारी बाई, पहिलं बाळंतपण, डोकं बाहेर येताना जोरात आलं. फाट मी बघितली, मला दिसली ती सेकंड डिग्री. टाके इतके सुबक बसले की सिस्टरनी कौतुक केलं. तीन महिन्यांनी ती बाळाच्या लशीसाठी आली. बाळ गुटगुटीत, तीच खाली मान घालून बसलेली. आडोशाला नेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "बाजारात बसूक जमत नाय. माका कळाच्या आधीच वारो सुटता." तीन महिने ती टोपली घेऊन बसली नव्हती, कारण बाजारात बायका अगदी एकमेकींना खेटून बसतात. मी जुना केसपेपर काढला. त्यावर माझ्याच अक्षरात "सेकंड डिग्री" होतं. तपासलं तर बोटाला समोरच्या बाजूला स्नायू लागतच नव्हता. वर त्वचा छान जुळलेली, आत स्नायूची दोन टोकं एकमेकांपासून लांब गेलेली.

अशा फाटा नजरेतून सुटतात त्याचं कारण शरीररचनेत आहे, म्हणून डिग्री कशा ठरतात ते थरांच्या क्रमाने बघू. फर्स्ट डिग्रीत फक्त त्वचा किंवा योनीचं अस्तर फाटतं. कडा जुळत असतील आणि रक्त येत नसेल तर टाकाही लागत नाही. सेकंड डिग्रीत पेरिनियमचे स्नायू फाटतात, गुदाचा स्फिंक्टर शाबूत असतो. थर्ड डिग्रीत स्फिंक्टर फाटतो. तिचे तीन भाग आहेत: बाहेरच्या स्फिंक्टरची जाडी निम्म्यापेक्षा कमी फाटली तर ३-ए, निम्म्यापेक्षा जास्त फाटली तर ३-बी, आणि बाहेरच्यासोबत आतला स्फिंक्टरही फाटला तर ३-सी. त्यापुढे गुदाचं अस्तरही फाटलं की फोर्थ डिग्री. ३-ए की ३-बी असा संभ्रम पडला तर वरची डिग्री धरायची, खालची नाही.

हे दोन स्फिंक्टर वेगवेगळ्या कामाचे आहेत. आतला आपोआप आवळलेला असतो. झोपेतही गुदद्वार मिटलेलं राहतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. तो गेला की वारा आणि पातळ मळ नकळत सुटतो. बाहेरचा आपल्या इच्छेने आवळता येतो. तो गेला की संडासला लागल्यावर थांबता येत नाही. बाहेरचा स्नायू नेहमीच थोडा ताणलेला असतो, म्हणून फाटल्याबरोबर त्याची दोन्ही टोकं आखडून बाजूच्या चरबीत शिरतात. तुम्ही समोरून बघता तेव्हा त्या जागी नुसता रक्ताळलेला खड्डा असतो, आणि खड्डा सेकंड डिग्रीचाही तसाच दिसतो. डोळ्याला फसवणारी गोष्ट ती हीच.

यावर दोन अभ्यास सांगते, कारण त्यांनी माझी समजूत बदलली. १९९३ मध्ये अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींची गुदातून सोनोग्राफी केली, तेव्हा सुमारे ३५ टक्के जणींच्या स्फिंक्टरमध्ये दोष दिसला. बाळंतपणाच्या वेळी त्यातल्या बहुतेक कोणाच्याच लक्षात आल्या नव्हत्या, म्हणून त्यांना "छुप्या" जखमा म्हणायची पद्धत पडली. मग २००६ मध्ये त्यांच्याच गटाने पहिल्यांदा योनीमार्गे बाळंत झालेल्या २४१ स्त्रियांची, टाके घालण्याआधी, अनुभवी व्यक्तीकडून पुन्हा तपासणी करवली. आधी ११ टक्के जणींना स्फिंक्टरची फाट असल्याचं नोंदलं होतं. पुन्हा नीट तपासल्यावर तो आकडा २४.५ टक्क्यांवर गेला. म्हणजे बोटाने सापडणार नाहीत अशा खऱ्या छुप्या जखमा अगदी थोड्या होत्या. बाकीच्या समोर होत्या, फक्त तपासल्या नव्हत्या.

तपासायचं कसं ते सविस्तर सांगते. वार पडली, गर्भाशय घट्ट झालं, रक्तस्राव आटोक्यात आला की बाळ आईच्या छातीवर द्या आणि तिला सांगा: "बाय, आता टाके घालण्याआधी मागच्या बाजूने बोट घालून बघणार आहे, आतला स्नायू नीट आहे ना ते कळायला. दुखलं तर लगेच सांग." आधी भूल द्या, नाहीतर ती पाय आवळून घेईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. आपल्याकडे लिग्नोकेनची २ टक्क्यांची व्हायल मिळते. त्यात तेवढंच सलाईन मिसळून १ टक्का करा आणि १० मिली पसरून द्या. पाच मिनिटं थांबा. या पाच मिनिटांत दिव्याची सोय करा. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून माझ्या लेबर रूममध्ये डोक्याला लावायची बॅटरी कायम चार्ज केलेली असते. हातातला टॉर्च सिस्टरला धरायला लावला तर तिचा एक हात गुंततो आणि प्रकाशही हलत राहतो.

पाय लिथोटॉमीत घ्या. पहिल्यांदा नुसतं बघा: गुदद्वाराभोवती चुण्या असतात, बटव्याच्या तोंडाला असतात तशा. समोरच्या बाजूला त्या चुण्या सपाट झाल्या असतील तर खालचा स्नायू तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. मग उजव्या हाताची तर्जनी गुदात घालून थोडी आपल्याकडे उचला आणि अंगठा योनीच्या बाजूने पेरिनियमवर ठेवा. आता दोन बोटांमध्ये गोळी वळतात तसं वळून बघा. शाबूत स्नायू जाड दोरीसारखा हाताला लागतो. ही दोरी एका बाजूकडून दुसरीकडे सलग जाते की बारा वाजताच्या जागी तुटते, हेच शोधायचं. तिला गुदद्वार आवळायला सांगा. दोन बाजूंनी खेच जाणवते आणि मधे मऊ पडतं, तर दोरी तुटलेली आहे. स्पायनल किंवा एपिड्युरल दिलं असेल तर आवळण्यावर भरवसा ठेवू नका, नुसत्या बोटाच्या जाणिवेवरून ठरवा.

बोट आत असतानाच ते योनीच्या मागच्या भिंतीकडे वर दाबून बघा. क्वचित स्फिंक्टर पूर्ण शाबूत असतो आणि त्याच्या वर गुदाच्या अस्तराला नुसतं बटणाच्या काजासारखं भोक पडलेलं असतं. बोटाचं टोक योनीत डोकावलं की ते कळतं. ते सुटलं तर पुढे योनी आणि गुद यांच्यात वाट पडते आणि बाईला योनीतून मळ येऊ लागतो. तिला फोर्थ डिग्री म्हणत नाहीत, पण पाठवायची घाई तेवढीच.

आता एपिझिओटॉमीकडे येऊ. "तिरकी दिली होती" असं तुम्ही लिहिलंय. माझी शंका अशी की ती पुरेशी तिरकी नव्हती. यात तुमचा हात वाईट आहे असं मी म्हणत नाही, ती भूमितीच फसवी आहे. डोकं टेकून पेरिनियम ताणलेलं असताना त्वचा फुगवलेल्या फुग्यासारखी असते. तेव्हा मध्यरेषेपासून ६० अंशांवर कापलं तर बाळ बाहेर येऊन जागा सैल झाल्यावर तोच छेद सुमारे ४५ अंशांवर दिसतो. तुम्ही ताणलेल्या अवस्थेत ४५ अंश पकडले, तर सैल झाल्यावर छेद गुदाच्या जवळ येऊन बसतो आणि पुढची फाट थेट स्फिंक्टरवर जाते. आयर्लंडमध्ये २००६ च्या एका अभ्यासात मध्यरेषेपासून दर ६ अंश लांब गेलं की थर्ड डिग्री फाटीचा धोका निम्म्याने कमी होताना दिसला. इतक्या थोड्या अंशांचा हा प्रश्न आहे आणि नजरेचा अंदाज सगळ्यांचाच कमी पडतो. मी नव्या डॉक्टरांना साध्या प्रोट्रॅक्टरवर ६० अंशांची रेघ दाखवते. बघून सगळेच म्हणतात, "एवढी आडवी?" हो, एवढी आडवी. डोकं पूर्ण टेकल्यावर, फोरशेटच्या मधून सुरुवात करून, कात्रीचं तोंड आईच्या बसायच्या हाडाकडे रोखून, एका कापात. टाके पूर्ण झाल्यावर त्या रेघेचा कोन मोजून केसपेपरवर लिहा. चार-पाच केसमध्ये तुमचा हात सुधारतो.

आणि ती प्रत्येकीला द्यायची नाही. पहिलटकरीण म्हणून सरसकट कापायचं, ही सवय जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट नाकारली आहे. बाळाचे ठोके खाली आले आहेत, फोर्सेप्स लावायचं आहे, पेरिनियम इतकं ताठ आहे की आता फाटणारच असं दिसतंय, अशा वेळी द्या. सरळ खाली मधोमध कापणं मात्र कधीच नको. ती वाट गुदाकडेच जाते.

फाट टाळण्यात कात्रीपेक्षा हातांचं काम मोठं आहे. डोकं दिसू लागल्यावर आपल्याकडे चारी बाजूंनी ओरडा सुरू होतो: "जोर कर, जोर कर, आलं, आलं!" नेमक्या त्याच क्षणी जोर थांबवायला हवा. डाव्या हाताचा तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवून त्याचा वेग रोखा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पेरिनियमच्या दोन बाजूंना ठेवून त्वचा मधे आत ओढून घ्या म्हणजे मधला ताण कमी होतो, आणि वळवलेल्या बाकीच्या बोटांनी खालून आधार द्या. मग तिला सांगा, "आता जोर नको, तोंड उघडून श्वास सोड, कुत्रं धापतं तसं." डोकं कळेच्या जोराने उडी मारून येण्याऐवजी दोन कळांच्या मधे हळूहळू सरकत येऊ द्या. खांद्यांच्या वेळीही हात काढू नका. बऱ्याचदा डोकं नीट येतं आणि मागचा खांदा फाडतो. नॉर्वेत हे हाताचं तंत्र प्रसूतिगृहांतून पुन्हा शिकवल्यावर स्फिंक्टरच्या फाटी ४-५ टक्क्यांवरून १-२ टक्क्यांवर आल्या. ब्रिटनमध्ये १६ प्रसूतिगृहांत हाताचा आधार, ६० अंशांचा छेद आणि नंतर गुदाची तपासणी असं सगळं एकत्र राबवलं, तिथे प्रमाण ३.३ वरून ३ टक्क्यांवर आलं. घट छोटी आहे. पण त्यांच्याकडे तपासणीही वाढली होती, म्हणजे आधी सुटणाऱ्या फाटी आता सापडत होत्या, हे ध्यानात घ्यायला हवं. याशिवाय दुसऱ्या टप्प्यात गरम पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ कापड पेरिनियमवर धरा. त्याने गंभीर फाटी कमी होतात आणि बाईला बरंही वाटतं. कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा, इतकंच.

धोका कोणाला जास्त? पहिलटकरीण, बाळ ४ किलोच्या वर, बाळाचं तोंड वर करून येणं, दुसरा टप्पा लांबणं, खांदा अडकणं आणि फोर्सेप्स. फोर्सेप्स आणि पहिलटकरीण एकत्र आली की मी नीट तिरकी एपिझिओटॉमी देतेच.

पुढे पाठवायचं का? थर्ड आणि फोर्थ डिग्री तुमच्या केंद्रात शिवू नका. त्याला ऑपरेशन थिएटर, स्पायनल भूल, उजेड आणि हे शिकलेला हात लागतो. स्पायनलने स्नायू सैल पडतो तेव्हाच आखडलेली टोकं ताण न देता जवळ येतात. स्थानिक भूल देऊन ओढून बांधलेला स्नायू आठवड्याभरात सुटतो. आणि घाबरू नका, वेळ आहे. स्वीडनमध्ये एका अभ्यासात निम्म्या बायकांचं शिवण लगेच आणि निम्म्यांचं ८ ते १२ तास थांबून केलं, तेव्हा वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून रात्री दोनला, पाऊस धो धो पडत असताना आणि खाडीपलीकडून यायचं असताना अननुभवी हाताने शिवण्यापेक्षा, रक्तस्राव थांबवून सकाळी नीट शिवलेलं कितीतरी चांगलं. उडणारी रक्तवाहिनी दिसली तर बांधा, योनीत गॉजचा पॅक घाला आणि किती गॉज घातले ते चिठ्ठीत लिहा. लघवीची नळी, सलाईन, प्रतिजैविकाचा पहिला डोस द्या, तिला काही खायला देऊ नका आणि १०८ बोलवा. रक्तस्राव थांबतच नसेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच क्षणी हलवा.

पाठवल्यावर पुढे काय होतं ते दाखवायला माझ्याकडची एक केस सांगते, कारण तुम्ही नातेवाइकांना काय सांगणार ते त्यावर अवलंबून आहे. चोवीस वर्षांची पहिलटकरीण, एका केंद्रातून पहाटे पाचला आली. बाळ ३ किलो ६०० ग्रॅम, तोंड वर करून आलेलं. तिथल्या डॉक्टरनी बोट घालून बघितलं होतं आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, "स्फिंक्टर लागत नाही, पॅक २." त्या दोन ओळींनी त्या मुलीचं पुढचं आयुष्य वाचलं असं मी मनापासून मानते.

स्पायनल देऊन थिएटरमध्ये पॅक काढले, धुतलं, पुन्हा तपासलं. गुदाचं अस्तर शाबूत होतं. बाहेरचा स्फिंक्टर पूर्ण तुटलेला. त्याची टोकं घड्याळाच्या दहा आणि दोनच्या दिशेला आत गेलेली. अॅलिस चिमट्याने आजूबाजूच्या चरबीतून चाचपून ती पकडली. बाहेरचा स्नायू तांबडा असतो, मटणासारखा. त्याच्या आत, अस्तराला लागून, फिक्कट पांढुरका पट्टा दिसला, कच्च्या सुरमईच्या तुकडीसारखा. हाच आतला स्फिंक्टर. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना हा रंग एकदा दाखवला की विसरत नाहीत. तोही सुमारे दोन सेंटिमीटर उकलला होता, म्हणजे ३-सी.

शिवण आतून बाहेर जातं. अस्तर फाटलं असतं तर ते आधी थ्री-झिरो पॉलीग्लॅक्टिनने शिवलं असतं. हिला त्याची गरज नव्हती. आतला स्फिंक्टर वेगळा, थ्री-झिरो पीडीएसच्या तीन मॅट्रेस टाक्यांनी, कडेला कड लावून. तो बाहेरच्यासोबत एकाच टाक्यात गुंडाळायचा नाही. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते, आणि मग बाहेरचा जुळूनही वारा सुटतच राहतो. नंतर बाहेरचा स्फिंक्टर, तोही थ्री-झिरो पीडीएसने, टोकाला टोक लावून तीन टाके. स्नायूभोवतीचं आवरण सुईत आलंच पाहिजे, नुसत्या मांसातून गेलेला टाका लोण्यातून जावा तसा कापत बाहेर येतो. पूर्ण तुटलेला स्नायू एकावर एक चढवूनही शिवता येतो, दोन्ही पद्धती मान्य आहेत. अर्धवट तुटलेला मात्र टोकाला टोकच, कारण चढवायचा म्हटलं तर शाबूत धागेही तोडावे लागतात. आठच्या आकड्याचे टाके मी घालत नाही. त्यांनी रक्तपुरवठा आवळला जातो.

पीडीएस घेण्याचं कारण म्हणजे तो हळू विरघळतो आणि स्नायू जुळेपर्यंत ताकद धरून राहतो. तोटा असा की त्याच्या गाठींची टोकं टोचतात आणि वर येतात. म्हणून गाठी वरच्या पेरिनियमच्या स्नायूंखाली पुरायच्या. मग उरलेलं सेकंड डिग्रीसारखंच, आणि हे तुम्ही रोज करता: योनीच्या फाटीच्या टोकाच्या साधारण एक सेंटिमीटर वरून सुरुवात, टू-झिरो लवकर विरघळणाऱ्या पॉलीग्लॅक्टिनने न अडकवता सलग टाके, मग स्नायू, मग त्वचेखालून सलग. सुट्या टाक्यांपेक्षा सलग टाक्यांनी दुखणं कमी होतं. ताण देऊन आवळू नका, सूज येणारच आहे. शेवटी पुन्हा गुदात बोट: टाका अस्तरातून आत आलेला नाही ना, आणि दोरी आता सलग लागते का. मग गॉज आणि सुया मोजायच्या.

त्यानंतरची काळजी शिवणाइतकीच महत्त्वाची आहे आणि आपल्याकडे ती घरात बिघडते. पहिला शत्रू कडक शौच. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, कोरडं खायला द्यायचं, असं अजून अनेक घरांत चालतं. सासूला समोर बसवून सांगा की पेज, कुळथाची पिठी, भाजी आणि भरपूर पाणी लागेल. लॅक्ट्युलोज १५ मिली दिवसातून दोनदा, शौच मऊ राहील असं कमी-जास्त करत, साधारण दहा दिवस. त्यासोबत इसबगोल देऊ नका. दोन्ही एकत्र दिल्याने डाग लागण्याच्या तक्रारी वाढल्याचं दिसलं आहे. प्रतिजैविकं पूर्ण करा. शेगडीचा शेक खालच्या जागेला बिलकुल नको: भूल उतरेपर्यंत तिला चटका कळत नाही आणि ओल्या जखमेची सूज वाढते. दुखायला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, आणि पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं. कोडीन असलेली गोळी टाळा, त्याने बद्धकोष्ठ होतं.

त्या मुलीला दहाव्या दिवशी जखम बघायला बोलावलं. दुर्गंधी, पू, ताप किंवा दुखणं वाढत जाणं यातलं काही असतं तर लगेच बघितलं असतं. कमरेखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले. बाराव्या आठवड्यात ती आली तेव्हा तिला पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारला. पूर्ण धरता येत होता, अगदी घाईच्या वेळी थोडा अंदाज चुकायचा. वर्षभराने तेही गेलं. बाहेरच्या स्फिंक्टरचं नीट शिवण झालं तर १२ महिन्यांनी ६० ते ८० टक्के स्त्रियांना काहीच तक्रार उरत नाही. म्हणजे काहींना उरते. त्यांना लाजून घरी बसायला लागू नये म्हणून ही पुढची भेट चुकवायची नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकीच्या कागदावर लाल शाईने लिहिते: "स्फिंक्टर फाटला होता, डिग्री अमुक." पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणत्यातरी केंद्रात, दुसऱ्या डॉक्टरसमोर ती बाळंत होणार असते. पुन्हा तशी फाट होण्याचा धोका ५ ते ७ टक्के असतो. तिला तक्रार नसेल आणि स्नायू नीट असेल तर योनीमार्गे बाळंतपण करायला हरकत नाही, फक्त अनुभवी हाताखाली आणि रुग्णालयात. तक्रार असेल किंवा सोनोग्राफीत दोष असेल तर ठरवून सिझेरियन करण्याचा पर्याय तिच्यासमोर ठेवायला हवा. तुमच्या त्या बाईच्या कागदावर काय लिहायचं हे तिची तपासणी झाल्यावर ठरेल. उद्या जाताना हातमोजे आणि लिग्नोकेन जेली सोबत घ्या, आणि तिने परवानगी दिली तर हलक्या हाताने बोटाने एकदा बघा. दुखत असेल तर तिथेच थांबा आणि पाठवा.